ताग्याचा ताळा

बँकेत नोकरी करीत असताना माल तारण ठेवून कर्ज घेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गोदामात साठा तपासण्यासाठी जाण्याचा प्रसंग मला वारंवार येई. पत्रकात लिहिलेला साठा आणि डोळ्यांसमोरचा साठा यांची सांगड घालणे, एवढेच ते काम. निवृत्तीनंतर ते कायमचे सुटले असे वाटत असतानाच गेल्या वर्षी ते पुन्हा माझ्यापुढे उभे राहिले आणि तेही शाळेच्या गणवेशाच्या निमित्ताने.

डोंबिवलीतील एका शाळेतील चारशे मुलांना प्रत्येकी दोन शर्ट देण्याचे आमच्या परिचयातील काही व्यापारी कुटुंबांनी मिळून ठरविले होते. पैसे देणाऱ्यांची संख्या मोठी आणि प्रत्येकाची रक्कम लहान. त्यामुळे हिशेब चोख असावा, अशी सर्वांची इच्छा होती. या मंडळींपैकी एक तरुण शिवणकाम करणाऱ्याचे अंदाजपत्रक घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, जरा नजर टाका. बेरीज बरोबर आहे, पण मन मानत नाही.”

अंदाजपत्रक फक्त तीन ओळींचे होते. शर्ट ८०० नग. दर नगास कापड ०.९० मीटर, म्हणजे ७२० मीटर. घट दहा टक्के धरून एकूण ७९२ मीटर. मीटरला १२० रुपये दराने कापडाचे ९५,०४० रुपये. बेरीज-गुणाकारात खरोखरच चूक नव्हती. मात्र ज्या आकड्यांचा गुणाकार केला, त्यांपैकी एकही तपासलेला नव्हता.

हा प्रश्न केवळ आमच्यापुरता नाही. २०२४-२५ या वर्षी राज्य शासनाने सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी कापड एकत्रित खरेदी करून शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे सोपविले होते. अनेक ठिकाणी गणवेश उशिरा आले आणि आले तेव्हा ते मुलांच्या अंगाला बसेनात, अशा तक्रारी झाल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये ती पद्धत मागे घेऊन गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. एका गणवेशास ३०० रुपये, दोन गणवेशांचे ६०० रुपये, हा त्यामागील हिशेब. म्हणजे आता ठाणे-कल्याणातल्या एखाद्या समितीवरील पालकापुढेही असेच तीन ओळींचे अंदाजपत्रक येणार. तीनशे रुपयांत शर्ट आणि पँट किंवा स्कर्ट दोन्ही बसवायचे असतील, तर कापडातील वीस रुपयांची चूकही लहान राहत नाही.

मीटर कशाचे?

मी पहिला प्रश्न विचारला तो असा : हे ०.९० मीटर कोणत्या मापाच्या शर्टाचे आणि कोणत्या पन्ह्याच्या कापडाचे? अंदाजपत्रकात दोन्हींचा उल्लेख नव्हता. आणि पन्हा सांगितल्याशिवाय ‘दर नगास इतके मीटर’ या वाक्याला काहीही अर्थ नसतो. ५८ इंच पन्ह्याच्या कापडात जे काम पाऊण मीटरमध्ये होते, त्यालाच ४४ इंच पन्ह्यात एक मीटर लागते. कारण ५८ भागिले ४४ म्हणजे सुमारे १.३२. प्रत्यक्षात थोडे अधिकच लागते, कारण अरुंद कापडावर पाठ, पुढा आणि बाह्या शेजारी शेजारी नीट बसत नाहीत.

दरांची तुलनाही यामुळे फसवी होते. आम्हाला ५८ इंची कापड १२० रुपयांनी आणि तशाच पोताचे ४४ इंची कापड ९५ रुपयांनी सांगितले गेले. दुसरे स्वस्त वाटते. परंतु ९५ ला १.३२ ने गुणले की १२५ रुपये होतात. कापडाचा व्यवहार करणाऱ्या वाचकांना हे सांगण्याची गरज नाही. पण शाळेच्या समितीत कापडाचा व्यापारी असेलच असे नाही.

कटिंग मास्टरना भेटायला आम्ही उल्हासनगरच्या कॅम्पातल्या त्यांच्या कारखान्यात गेलो. माणूस वयाने पन्नाशीचा, हातात कसब असलेला. त्यांनी लगेच सांगितले की पन्हा ५८ इंच धरला आहे आणि ०.९० मीटर हा आकडा ‘पास’ झालेल्या नमुन्याच्या शर्टावरून घेतला आहे. तो नमुना ३२ मापाचा, म्हणजे छातीचे माप ३२ इंच असलेल्या, साधारण सातवी-आठवीतल्या मुलाचा होता. पहिलीतल्या मुलाचा शर्ट २४ मापाचा असतो. त्यालाही ०.९० मीटर लावून गुणाकार केला गेला होता. त्यात लबाडी नव्हती. नमुना एकच शिवला होता, म्हणून आकडाही एकच होता.

मापांची यादी हाच पाया

मग आम्ही मास्टरना एक विनंती केली. कटिंगच्या टेबलावर प्रत्येक मापगटाचे पॅटर्न, दोन शर्टांचे एकत्र, कापडावर मांडून दाखवा. दोन्ही काठ सोडून जी वापरता येणारी रुंदी उरते तिच्यातच मांडा. शिलाईत आत ठेवायचे कापड, ज्याला शिंपी ‘मार्जिन’ म्हणतात, ते धरूनच मांडा. मांडणीची लांबी टेपने मोजली आणि तिला दोनाने भागले. अर्ध्या बाहीच्या शर्टाचे आकडे असे आले : २४-२६ मापास ०.६० मीटर, २८-३० मापास ०.७५, ३२-३४ मापास ०.९० आणि ३६ मापास १.०० मीटर. प्रत्येक गटातील मोठ्या मापाचीच मांडणी धरली होती, म्हणजे कमी पडण्याचे भय नको.

येथे माझ्याही हातून एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे. घरी येऊन मी या चार आकड्यांची सरासरी काढली. ती ०.८१२५ आली. तिला ८०० ने गुणून ६५० मीटर लिहून मोकळा झालो. आयुष्यभर व्याजाची आकडेमोड केलेल्या माणसाने असे करू नये. चारही मापांची मुले सारखीच असती, तर ही सरासरी चालली असती. शाळेत तसे कधीच नसते.

मुलांची मापे प्रत्यक्ष घेतल्यावर यादी तयार झाली. २४-२६ मापाचे २४० शर्ट, २८-३० मापाचे २८०, ३२-३४ मापाचे २०० आणि ३६ मापाचे फक्त ८०. आता प्रत्येक गटाचा स्वतंत्र गुणाकार केला. २४० गुणिले ०.६० म्हणजे १४४ मीटर. २८० गुणिले ०.७५ म्हणजे २१० मीटर. २०० गुणिले ०.९० म्हणजे १८० मीटर. ८० गुणिले एक म्हणजे ८० मीटर. चारही मिळून ६१४ मीटर. ८०० ने भागले, तर दर शर्टास सुमारे ०.७७ मीटर. हीच खरी सरासरी. आणि ती मापांच्या यादीतून निघते, नमुन्याच्या शर्टातून नव्हे.

मापे वर्गांच्या पटावरून अंदाजाने लिहू नयेत, हेही या निमित्ताने लक्षात आले. एकाच इयत्तेत २६ मापाचे मूल असते आणि ३२ मापाचेही असते. टेप घेऊन दोन दिवस बसावे लागते. मार्च-एप्रिलमध्ये मापे घेऊन जूनमध्ये कपडे द्यायचे असतील, तर दोन मापांच्या सीमेवर असलेल्या मुलाला वरचे माप द्यावे. सैल शर्ट वर्षभर चालतो. घट्ट झालेला दिवाळीपर्यंतही टिकत नाही.

घट एकदाच धरावी

आता राहिली दहा टक्के घट. मास्टरना मी विचारले, “ही घट कशाची?”

ते म्हणाले, “साहेब, कातरण निघतेच ना! बाहीच्या गोलाईत, गळ्यात, दोन तुकड्यांच्या मध्ये.”

हे खरेच आहे. कापडावर पॅटर्न कितीही जवळ मांडले, तरी मधल्या मोकळ्या जागा वाया जातात आणि शर्टाच्या मांडणीत कापडाचा सहावा-सातवा भाग सहज कातरणीत जातो. परंतु आपण मांडणीची संपूर्ण लांबी टेपने मोजली, तेव्हा या मोकळ्या जागा तिच्यात आल्याच. ०.७५ मीटर हा आकडा शर्टाच्या अंगावर राहणाऱ्या कापडाचा नसून शर्टासाठी टेबलावर अडणाऱ्या कापडाचा आहे. त्यावर पुन्हा कातरणीची घट धरणे म्हणजे एकाच कर्जावर दोनदा व्याज लावणे.

मग मांडणीबाहेरची घट उरते ती कोणती? एक, कापड थरावर थर टाकताना प्रत्येक थराच्या दोन्ही टोकांना सोडावे लागणारे दोन-दोन सेंटिमीटर. दुसरी, ताग्याच्या शेवटी उरणारा, पुढचा थर पूर्ण न होणारा तुकडा. तिसरी, विणकामातला दोष, डाग किंवा मध्येच आलेला जोड. सहा मीटरच्या मांडणीत पहिली घट एक टक्क्याहून कमी असते. साठ मीटरच्या ताग्यात दुसरी सुमारे दीड टक्का होते आणि त्या तुकड्यांतूनही कॉलर, खिसे निघू शकतात. कापड ठीक असेल, तर तिसरीही एक-दीड टक्क्याच्या पुढे जात नाही. आम्ही तिन्ही मिळून चार टक्के धरले. खरेदी केलेल्या शंभर मीटरपैकी ९६ कामी येणार, म्हणून ६१४ भागिले ०.९६, म्हणजे ६४० मीटर.

कापड धुतल्यावर आटते, ती घट या हिशेबात येत नाही. ती पॅटर्नमध्येच वाढवून धरावी लागते. तपासण्याची रीत सोपी आहे. कापडाच्या तुकड्यावर ५० सेंटिमीटरचा चौकोन पेनाने आखावा, धुवून, वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजावा. पॉलिएस्टर अधिक असलेले टेरिकॉट फारसे आटत नाही. सुती कापड आटते. चौकोन ४८ सेंटिमीटर झाला, तर आट चार टक्के, आणि मग मांडणीच नव्याने मोजावी. चौकडीचे कापड असेल, तर तीही त्याच कापडावर मोजावी. कारण रेघा जुळविण्यासाठी तुकडे सरकवावे लागतात आणि साध्या कापडाचा आकडा तेथे लागू पडत नाही.

जादा कापड का मागितले जाते?

आमचा ६४० चा आकडा पाहून मास्टर काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “साहेब, तुमचा हिशेब बरोबर आहे. पण कापड कमी पडले, तर शाळा मला बोलणार. उरले, तर कोणी विचारत नाही.”

साऱ्या अंदाजपत्रकाचे मूळ या वाक्यात होते. तुटीचा भार एकावर आणि शिलकीचा भार कोणावरच नाही, अशी व्यवस्था असेल, तर कोणताही शहाणा माणूस जादाच मागणार. शिवाय त्यांची भीती पोकळ नव्हती. दहा मीटर कापड कमी पडले आणि दुकानातून पुन्हा आणले, तर ते दुसऱ्या घाणीचे, म्हणजे वेगळ्या वेळी रंगविलेले असते. आमच्या फिकट निळ्या रंगात तर एका बाहीची छटा वेगळी दिसली असती.

म्हणून आम्ही २० मीटर वाढवून ६६० मीटर, म्हणजे साठ मीटरचे अकरा तागे, एकाच लॉटचे घ्यायचे ठरविले. मात्र हे २० मीटर ‘घट’ म्हणून नव्हे, तर ‘राखीव’ म्हणून वेगळ्या ओळीत लिहिले. आणि तीन अटी कागदावर आल्या : शिल्लक कापड शाळेचे, ते परत करायचे, कातरण पोत्यात भरून ठेवायची, वजन झाल्याशिवाय विकायची नाही, आणि मोजलेल्या मांडणीनुसार कापूनही कापड कमी पडले, तर तो दोष मास्टरचा नाही, ते आम्ही देऊ. तिसरी अट वाचून त्यांचा चेहरा मोकळा झाला. पहिल्या दोन अटींवर त्यांनी विनातक्रार सही केली.

आता खर्च पाहा. ६६० मीटरचे ७९,२०० रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटी ३,९६० रुपये, एकूण ८३,१६० रुपये. व्यापाऱ्याला हा कर पुढे वळता करून घेता येतो. मोफत कपडे वाटणाऱ्याला येत नाही, म्हणून तो खर्चातच धरला पाहिजे. दर शर्टास कापड १०४ रुपये पडले. शिलाई ९० रुपये आणि बटण, दोरा, कॉलरचे बकरम यांचे १२ रुपये मिळून शर्ट २०६ रुपयांना झाला. मूळ अंदाजपत्रकाप्रमाणे करासह कापडाचे ९९,७९२ रुपये झाले असते. फरक १६,६३२ रुपयांचा. दर शर्टामागे हे जवळजवळ २१ रुपये होतात. त्या रकमेत आणखी ८० शर्ट, म्हणजे चाळीस मुलांची सोय झाली असती.

शेवटचा ताळा

अंदाज तपासला म्हणजे काम संपले असे नाही. कापड आल्यावर प्रत्येक तागा टेबलावर उलगडून मोजला. दोन ताग्यांत मिळून अडीच मीटर कमी भरले. दुकानदाराने ते तत्काळ बिलातून वजा करून दिले. पन्हा दोन-तीन ठिकाणी मोजला. तो दीड-दोन इंचांनी कमी निघाला असता, तर आमची सारी मांडणी चुकली असती.

कटिंग झाल्यावर हिशेब असा लागला. हाती आलेले कापड ६५७.५ मीटर. मांडणीत गेले ६१८, कारण दोन मुलांची मापे मागाहून बदलली आणि काही तुकडे पुन्हा कापावे लागले. टोके, तुकडे आणि दोष यांत १९ मीटर. शिल्लक २०.५ मीटर. मागील बाजू आणि पुढील बाजू जुळली.

परंतु कागदावरचे आकडे जुळविता येतात, हे बँकेत शिकलो होतो. म्हणून वजनाचा ताळा घेतला. कापडाचा मोजलेला एक मीटर काट्यावर २०० ग्रॅम भरला. वापरलेले ६३७ मीटर म्हणजे १२७.४ किलो. कापलेल्या भागांचे गठ्ठे शिवण्यापूर्वी तोलले, ते १०४ किलो. कातरण आणि तुकड्यांची पोती २२.५ किलो. बेरीज १२६.५ किलो. फरक ९०० ग्रॅमचा, म्हणजे साडेचार मीटरचा. एक टक्क्याहूनही कमी. टेबलाखाली उडालेल्या चिंध्या आणि काट्याची चूक एवढी मानलीच पाहिजे. हाच फरक आठ-दहा किलोचा असता, तर चाळीस-पन्नास मीटर कापड दुसऱ्या वाटेने गेले, असे समजावे लागले असते. बटणे आणि बकरम लागल्यावर हा ताळा घेता येत नाही. तो कटिंगनंतर आणि शिलाईपूर्वीच घ्यावा लागतो.

एक सावधगिरी मात्र सांगून ठेवतो. मीटर कमी आले म्हणजे अंदाज चांगला, असे समजू नये. कोणी २८ मापाचा शर्ट ०.६० मीटरमध्ये करून देतो म्हणाला, तर आनंद मानण्याऐवजी त्याची शिलाई उसवून पाहावी. बाजूच्या शिवणीत आत किती कापड ठेवले आहे, खालची पट्टी किती दुमडली आहे, लांबी किती राखली आहे, हे मोजावे. वाचविलेले कापड तेथूनच काढलेले असते आणि वाढत्या अंगाच्या मुलासाठी शर्ट उसवून मोठा करण्याची सोय त्याबरोबर जाते. पँटच्या मोहरीत आणि स्कर्टच्या खालच्या दुमडीत तर ही काटकसर हमखास होते. मापांची यादी, मोजलेली मांडणी आणि एकदाच धरलेली घट हा क्रम तेथेही तोच आहे. फक्त मांडणी नव्याने मोजावी लागते.

शर्ट जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वाटले गेले. अकरा मुलांचे शर्ट अंगाला बसले नाहीत. ते राखीव कापडातून मास्टरनी चार दिवसांत शिवून दिले. रंगाची छटा तीच होती. उरलेले कापड शाळेच्या कपाटात आहे आणि त्याची नोंद साठा-वहीत आहे. यंदा मास्टरनी नवे अंदाजपत्रक पाठविले, ते तीन ओळींचे नाही. त्यात मापवार तक्ता आहे, पन्हा लिहिलेला आहे आणि राखीव कापडाची ओळ वेगळी आहे.